दोन मिस्ड कॉलचा अहवाल

स्लाइड बघितली की माझं डोकं तापतं, हे आमच्या ऑफिसात सगळ्यांना ठाऊक आहे. एकेका ओळीत तीन शब्द, क्रियापद नाही, कर्ता नाही, बाजूला एक बाण. वाचणाऱ्याने काय ते समजून घ्यावं. त्यामुळे आप्पांनी घटनेच्या आढाव्याच्या स्लाइड माझ्यासमोर ठेवल्या आणि “ताई, हाऊ अहवाल करी द्या बरं, तुमनी भाषा चांगली शे,” असं म्हणाले, तेव्हा मी आधी चहा मागवला.

आमच्या संस्थेचं काम सांगायला सोपं आहे. सातपुड्यातल्या ज्या पाड्यांवर मोठी ॲम्ब्युलन्स चढत नाही, तिथून आमच्या जीपा आजारी माणसांना खाली आणतात. फोन येतो तो नंदुरबारच्या दोन खोल्यांमध्ये. एका खोलीत ऑपरेटर मुली हेडफोन लावून बसतात, दुसऱ्या खोलीत आम्ही उरलेले: मी, प्रशासन बघणारे आप्पा आणि आतल्या केबिनमध्ये संस्था चालवणारे डॉक्टर, ज्यांना सगळे सर म्हणतात. माझं काम समन्वयाचं, म्हणजे दुसऱ्या कुणाच्याही वाट्याला न येणारं सगळं.

घटना अशी. मोलगीच्या वरच्या अंगाला एका पाड्यावर एक माणूस झाडावरून पडला, मांडीचं हाड मोडलं. त्याचा मोठा भाऊ टेकडीवर जिथे नेटवर्क मिळतं तिथे धावत गेला आणि त्याने आम्हाला फोन केला. जीप निघाली. पण ती पाड्यावर पोचलीच नाही. शेवटी घरच्यांनी बांबूला चादर बांधून झोळी केली, त्याला खांद्यावर घेऊन ते डांबरी रस्त्यापर्यंत चालत आले आणि बाजाराच्या एका जीपमधून त्याला दवाखान्यात नेलं. सकाळी पडलेला माणूस संध्याकाळी ऑपरेशनच्या टेबलावर गेला. वाचला. पण रक्त खूप गेलं होतं, आणि पाय पुढे कसा राहील हे कुणी सांगत नव्हतं.

आप्पांच्या स्लाइड या घटनेच्या होत्या. तिसऱ्या स्लाइडवर ‘मूळ कारण: मानवी चूक’. पाचव्यावर ‘ऑपरेटरकडून पाठपुरावा नाही’. सातव्यावर ‘उपाय: कडक सूचना, दक्षता, प्रशिक्षण’. आणि नवव्यावर ‘संबंधित ऑपरेटरच्या कराराचे नूतनीकरण न करणे’. त्या एका ओळीला मात्र कर्म होतं, आणि ते कोण ते सगळ्यांना माहीत होतं.

ती मुलगी खांडबाऱ्याकडची. पॅसेंजरने येऊन-जाऊन करायची. वडील दर हंगामाला ऊस तोडायला गुजरातेत जातात, आईसुद्धा बरोबर. तिच्या पाड्यात खुर्चीवर बसून पगार घेणारी ती पहिली. रविवारी चर्चमध्ये गाते, त्यामुळे आवाज असा की फोनवर घाबरलेला माणूस अर्धा तिथेच शांत होतो. करार महिनाअखेरीला संपत होता. नववी स्लाइड अहवालात तशीच उतरली असती, तर तिला पुढच्या महिन्यापासून आईबापांमागे उसाच्या फडात जावं लागलं असतं. हे तिने कधी बोलून दाखवलं नाही. मला ते तिच्याकडे बघून कळत होतं.

अहवालच का हवा होता, तर आमची फोन यंत्रणा बसवणारी कंपनी पुण्याची, घटनेनंतर यंत्रणा तपासायची जबाबदारी तिची, आणि तिथल्या एक इंजिनिअर बाई स्लाइड घेईनात. व्हिडिओ कॉलवर त्यांनी शांतपणे सांगितलं की त्यांना कुणाला दोष न देणारा लेखी अहवाल लागतो. काय झालं त्याचा वेळेप्रमाणे क्रम, कारणं, आणि पुढे काय बदलणार, ते कोण बदलणार, कधीपर्यंत. माणसाचं नाव नको, भूमिका लिहायची. ‘करायला हवं होतं’ असं एकही वाक्य नको.

आप्पा माझ्या मागे उभे होते. ते कपाळाला हात लावून म्हणाले, “जेनी चूक शे तेन्हं नाव नको, तं काय गावनं नाव लिखवा का?”

इंजिनिअर बाईंना अहिराणी कळली नाही, पण सूर कळला. त्या हसल्या. “नाव लिहिलं की शोध तिथेच थांबतो,” म्हणाल्या. “माणूस बदलाल, पण त्याच खुर्चीवर बसलेला दुसराही तेच करेल. त्याला तसं करावंसं का वाटेल, ते शोधा. आणि ‘का केलंस’ असं विचारू नका. ‘तुला तेव्हा काय दिसत होतं’ असं विचारा.”

मला ते तेव्हा जरा पुस्तकी वाटलं. पुण्याच्या लोकांना सगळ्याची एक पद्धत असते. पण दुसऱ्या दिवशी मी त्या मुलीला समोर बसवलं, आणि पहिल्याच मिनिटाला पद्धतीची किंमत कळली.

“मॅडम, माझीच चूक आहे,” ती म्हणाली. “मी लिहून देते.”

“काय चूक?”

“माझीच.”

कुणीतरी तिला सांगितलं होतं, की माफी माग, हातापाया पड, म्हणजे सर ऐकतील. ती पाठ करून आली होती. मी दोनदा ‘असं का केलंस’ विचारलं, दोनदा तेच उत्तर. मग चिडून मी पद्धतीप्रमाणे विचारलं. “बरं, ते चूकबिक राहू दे. जीप निघाल्यावर तुझ्यासमोर काय होतं? काय दिसत होतं, काय ऐकू येत होतं?”

“काहीच नाही,” म्हणाली. “मिस्ड कॉल आला नाही. म्हणून मला वाटलं, जीप अजून चढतेय.”

“कुठला मिस्ड कॉल?”

ती माझ्याकडे अशी बघायला लागली, जणू मी पाणी म्हणजे काय असं विचारलं. मग तिने सांगितलं, आणि इतकी वर्षं त्याच भिंतीच्या अलीकडे बसून मला हे माहीत नव्हतं. वरच्या रस्त्यावर नेटवर्क एखाद्या वळणावर, डोंगराच्या एखाद्या सोंडेवर मिळतं, तेही एक काडी. बोलायला गेलं की आवाज तुटतो. म्हणून ड्रायव्हर आणि ऑपरेटर यांच्यात ठरलेलं होतं: एक मिस्ड कॉल म्हणजे रुग्ण घेतला, खाली निघालो. दोन मिस्ड कॉल म्हणजे अडकलो, दुसरी गाडी पाठवा. आणि काहीच नाही, म्हणजे चढण चालू आहे, काळजी नको. कुणी लिहिलं नव्हतं, कुणी शिकवलं नव्हतं. जुन्या ऑपरेटरने नव्या ऑपरेटरला सांगायचं, जुन्या ड्रायव्हरने नव्याला.

“मी त्यांना फोन लावला होता,” ती म्हणाली. “चार-पाच वेळा. संपर्क क्षेत्राबाहेर. तसं तर तिथे नेहमीच येतं.”

म्हणजे ‘पाठपुरावा नाही’ ही स्लाइड सरळ सरळ खोटी होती. मी हे ऐकून इतकी संतापले की तिथूनच आप्पांना हाक मारणार होते. पण आधी ड्रायव्हरकडे जायला हवं होतं.

तो मोलगीकडचाच, घरात भिली बोलणारा, आमच्याशी अर्धी मराठी, अर्धी हिंदी. जीपचा पाटा, म्हणजे चाकावरची स्प्रिंग, बदलून घ्यायला गॅरेजवर आला होता, तिथेच त्याला गाठलं. “तुला त्या दिवशी काय दिसत होतं,” म्हटल्यावर त्याने गाडीखालून डोकं बाहेर काढलं आणि सगळं सांगून टाकलं. चढावर ओढ्यावरच्या एका फरशी पुलापाशी दगड पडलेले, जीप आपटली आणि पाटा तुटला. तो चालत सोंडेवर गेला. दोन मिस्ड कॉल दिले. परत जीपपाशी येऊन दुसऱ्या गाडीची वाट बघत बसला.

“दिले नक्की?”

“दिले ना, ताई. दोन्ही बार गाना बजा. नया कॉलर ट्यून लगाया ना ऑफिसने? मी म्हणालो, चांगला आहे.”

मी तिथे गॅरेजच्या बाकड्यावर बसूनच राहिले. कॉलर ट्यून नव्हती ती. घटनेच्या थोडे दिवस आधी आमची नवी फोन यंत्रणा सुरू झाली होती, आणि ड्रायव्हर ज्या जुन्या मोबाईलवर रिंग द्यायचे त्याचा नंबरही आता तिच्याकडेच जात होता. तिचं वैशिष्ट्यच हे, की पहिल्या रिंगला फोन आपोआप उचलला जातो, संगीत वाजतं, मग एक गोड बाई स्वागत करते आणि एक दाबा, दोन दाबा सांगते. एकही कॉल सुटणार नाही, असं तिच्या माहितीपत्रकात मोठ्या अक्षरांत होतं. आणि ते खरंच होतं. मिस्ड कॉल नावाची गोष्टच त्या यंत्रणेने संपवली होती. ड्रायव्हरने दोन वेळा रिंग दिली, दोन्ही वेळा यंत्राने उचलली, त्याने काही न दाबता ठेवली, आणि यंत्राच्या लेखी ते ‘अपूर्ण कॉल’ झाले. अपूर्ण कॉल ऑपरेटरच्या पडद्यावर येत नाहीत. कुठेतरी आत जमा होतात.

पुण्याच्या बाईंना फोन केला. त्यांनी आतली नोंद काढून दिली. ड्रायव्हरच्या नंबरवरून दोन कॉल, प्रत्येक काही सेकंदांचा. शिवाय आधीच्या दिवसांतलेही असेच कितीतरी, सगळ्या ड्रायव्हरांचे. पण त्या दिवसांत जीपा सुखरूप परत येत होत्या, त्यामुळे मिस्ड कॉल मध्येच विरून जातोय हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. ऑपरेटर मुलींना वाटलं वरचा टॉवर बिघडलाय, तो कायमच बिघडलेला असतो.

पुण्याच्या बाईंनी ती नोंद पुन्हा एकदा वरपासून खालपर्यंत वाचली. मग म्हणाल्या, “आम्हाला हे कुणी सांगितलं नाही.”

“तुम्ही विचारलं नाही,” मी म्हणाले. माझं तोंड असंच आहे.

“खरं आहे,” त्या म्हणाल्या. “दोन्ही लिहा.”

मग मी लिहायला बसले. स्लाइडवरचे तीन-तीन शब्द एकेक करून उघडत गेले, आणि खरं सांगते, मला मजा यायला लागली. ‘वाहन विलंब’ या दोन शब्दांचं एक अख्खं पान झालं. वेळेचा क्रम मांडताना तीन रकाने केले: पाड्यावर काय चाललं होतं, जीपपाशी काय, आणि कंट्रोल रूममध्ये काय. तिन्ही शेजारी ठेवल्यावर एक गोष्ट दिसली. त्या सगळ्या दुपारभर तिन्ही ठिकाणची माणसं वाट बघत होती. पाड्यावरचे जीपची, ड्रायव्हर दुसऱ्या गाडीची, आणि आमची मुलगी मिस्ड कॉलची. कुणीही झोपलं नव्हतं, कुणीही काम टाळलं नव्हतं. प्रत्येकाजवळ वाट बघायला चांगलं कारण होतं.

कारणांच्या भागात मी ‘मूळ कारण’ हा शब्द खोडून ‘कारणं’ केलं, कारण ते एक नव्हतंच. मिस्ड कॉलची रीत कुठेच लिहिलेली नव्हती. यंत्रणा बदलताना ड्रायव्हरांना घेऊन चाचणी झाली नाही. अपूर्ण कॉल पडद्यावर दिसत नव्हते. आणि आमच्या रीतीतच एक भोक होतं: शांततेचा अर्थ आम्ही ‘सगळं ठीक’ असा धरला होता, आणि ज्याला मदत हवी पण रिंग पोचवता येत नाही तोही शांतच असतो. दक्षता, प्रशिक्षण वगैरे मी काढून टाकलं. ‘दक्षता घ्यावी’ हा उपाय नव्हे, तो आशीर्वाद. त्याऐवजी लिहिलं: ड्रायव्हरांसाठी वेगळा साधा मोबाईल, जो कुठलंही यंत्र उचलणार नाही, जबाबदारी प्रशासनाची. अपूर्ण कॉल पडद्यावर लाल दिसावेत, जबाबदारी कंपनीची. ठरलेल्या वेळेत एक रिंग आली नाही तर जीप अडकली असंच धरून दुसरी काढायची, जबाबदारी कंट्रोल रूमची. प्रत्येकापुढे तारीख. आणि प्रत्येक गोष्ट खरंच झाली की नाही हे सोंडेवरून प्रत्यक्ष रिंग देऊन बघायचं.

मसुदा त्या मुलीला वाचायला दिला. ‘ऑपरेटर’ एवढाच तिचा उल्लेख, आणि तोही ‘ऑपरेटरने ड्रायव्हरला वारंवार फोन लावला’ असा. मला वाटलं ती रडेल, निदान हसेल. तिने शेवटपर्यंत वाचलं आणि विचारलं, “मॅडम, पाड्याच्या रकान्यात तर काहीच नाही.”

खरंच होतं. पडला, भावाने फोन केला, आणि नंतर एकदम झोळी. मधली अख्खी दुपार कोरी. आम्ही त्यांना काही विचारलंच नव्हतं.

“जायला पाहिजे,” ती म्हणाली. “मी पण येते.” बोलताना तिचा चेहरा उतरला होता.

दुरुस्त झालेल्या त्याच जीपमधून, त्याच ड्रायव्हरबरोबर गेलो. शेवटचा चढ पायीच. घरासमोर तो माणूस खाटेवर, पायाला प्लास्टर. बायको तुरीच्या शेंगा सोलत होती. भाऊ बाहेर आला. भावाला फोनपुरती मोडकी मराठी येत होती, बाकी ड्रायव्हर आमचं त्यांना सांगत होता, त्यांचं आम्हाला. मी माझं ठरलेलं वाक्य म्हटलं, की आम्ही कुणाला दोष द्यायला आलो नाही, तुम्हाला काय दिसत होतं तेवढं सांगा. भाऊ सांगत गेला. सकाळी पडला. तो टेकडीवर धावला. फोन केला. मग घरी येऊन सगळे बसून राहिले.

“झोळी लगेच का नाही केली?” मी विचारलं, पद्धत विसरून.

ड्रायव्हरने विचारलं. भाऊ काहीतरी बोलला. ड्रायव्हरने त्याला तेच पुन्हा एकदा विचारलं.

“काय म्हणतोय?”

ड्रायव्हर जमिनीकडे बघत म्हणाला, “म्हणतो, झोळी तर आम्ही लगेच बांधली होती. मग फोनवाली बाई बोलली, हलवू नका, थांबा, गाडी निघाली. तिचा आवाज चांगला होता. म्हणून झोळी सोडली.”

आमची मुलगी माझ्या शेजारी उभी होती. त्यांना माहीत नव्हतं की आवाज तिचा. ती मराठीतच, हळू, म्हणाली, “ती मी होते.”

ड्रायव्हरने ते भिलीत सांगितलं नाही. पण भावाने आवाज ओळखला असावा, कारण त्याने तिच्याकडे वळून बघितलं. रागाने नाही. बायकोने हातातलं काम थांबवलं, आत गेली आणि पाण्याचा तांब्या घेऊन आली. तिने तो माझ्याकडे नाही, त्या मुलीकडे दिला. मुलगी ते पाणी प्यायली.

ऑफिसात पोचल्यावर ती म्हणाली, “ते लिहा, मॅडम. ऑपरेटरने थांबायला सांगितलं म्हणून त्यांनी झोळी सोडली.”

“वेडी आहेस का?” मी ओरडलेच. “महिनाअखेर कुठे आलीय बघ. आप्पा ती एक ओळ बाहेर काढतील आणि नवव्या स्लाइडवर चिकटवतील. तुला मी इतकं बाहेर काढलंय, तू परत आत उडी मारतेस?”

“पण झालं तेच.”

“झालं ना! पडद्यावरच लिहिलेलं असतं, हाड मोडलं असेल तर ‘रुग्णाला हलवू नका, वाहन येत आहे.’ तू तेच वाचलंस.”

“मग ते पण लिहा,” ती म्हणाली.

मी तिच्यावर रागावले, कारण ती बरोबर होती आणि मला तिच्यासाठी भीती वाटत होती. कुणाला दोष न देणारा अहवाल म्हणजे कुणी काय केलं ते न सांगणारा अहवाल, असं मी मनातल्या मनात करून ठेवलं होतं. ताकाला जाऊन भांडं लपवायचं, तसं. हे उलटं होतं. दोष देणार नाही असं ठरलेलं असतं म्हणूनच माणूस स्वतःहून सगळं सांगू शकतो, आणि सांगितलं नाही तर पुढच्या वेळीही पडदा तेच वाचायला लावेल. पण ठरलंय हे आप्पांनी कुठे कबूल केलं होतं? सरांनी तरी? शेवटी करार त्यांच्या सहीने व्हायचा होता. जोखीम सगळी त्या मुलीची, आणि शहाणपण शिकवणारी मी पर्मनंट.

मी ओळ लिहिली. तिच्यासमोर लिहिली, तिला वाचून दाखवली. खाली कारणांत पडद्यावरच्या वाक्याची भर घातली, आणि उपायांत लिहिलं, की जीप पोचेपर्यंत किती वेळ लागेल याचा खरा अंदाज सांगायचा, पाय फळीला बांधून आधार कसा द्यायचा ते फोनवरच समजावायचं, आणि घरच्यांना झोळी तयारच ठेवायला सांगायचं. ठरलेल्या वेळेत गाडी दिसली नाही तर कुणाच्याही फोनची वाट न बघता निघा.

बैठक सरांच्या केबिनमध्ये झाली. पुण्याच्या बाई पडद्यावर, आप्पा खिडकीपाशी, मुलगी आणि ड्रायव्हर दाराजवळ, खुर्च्या असूनही उभे. सर मोठ्याने वाचत होते, त्यांची सवयच तशी. जुना फोन, नवी यंत्रणा, मिस्ड कॉल. सगळे ऐकत होते. मग ती ओळ आली. ‘ऑपरेटरने रुग्णाला न हलवता थांबण्यास सांगितल्यामुळे कुटुंबाने बांधलेली झोळी सोडली.’

सर थांबले. मुलीने डोळे मिटून घेतले. मी आप्पांकडे बघत होते, कारण माझी खात्री होती की आता ते बोलणार. चोर सोडून संन्याशाला फाशी होणार, आणि फासाची दोरी मी वळून दिलेली.

आप्पा बोलले. पण आधी खुर्चीत बसले. दोन्ही हात टेबलावर ठेवले.

“सर,” ते म्हणाले, आणि मग मराठी सोडून दिली. “तो जुना मोबाईल नव्या यंत्रणेबरोबर बी चालू ऱ्हायता. इंजिनिअर बाईनी सांगेल व्हतं, ठेवा म्हनीन. मीच बंद करा, नंबर यंत्रणावर वळाडी दिधा. दिनभर वाजे, कोनी बोले ना. मना डोकाले ताप व्हये. कपाटमा टाकी दिधा.”

पुण्याच्या बाईंनी मान खाली घातली. मी तर थक्कच झाले. दिवसभर वाजणारा आणि कुणी न बोलणारा तो फोन म्हणजे सातपुड्यातून येणारे सगळे निरोप होते. आप्पांनी तो कपाटात टाकला, आणि मग स्लाइड बनवायला बसले, तेव्हा त्यांच्या मनात काय होतं, हे मी त्यांना विचारलं नाही. पद्धतीप्रमाणे ‘तुम्हाला तेव्हा काय ऐकू येत होतं’ एवढंच विचारता आलं असतं, आणि त्याचं उत्तर त्यांनी आधीच दिलं होतं.

“हाई बी लिखा, ताई,” आप्पा मला म्हणाले. “ती पोर लिखी शकस, तं मी काब्रं नई?”

मी सरांच्या टेबलावरच वाकून पेनने ओळ घातली: ‘ड्रायव्हर वापरत असलेला जुना मोबाईल प्रशासनाने बंद केला, त्यावरच्या रिंगांचा अर्थ प्रशासनाला माहीत नव्हता.’ आप्पांनी वाचलं, मान हलवली. मग ते त्या मुलीजवळ गेले आणि म्हणाले, “पोरी, चुकनं मन्हं.” इतकंच. ती त्यांना “नाही आप्पा, नाही” म्हणत राहिली आणि रडायला लागली, आणि ड्रायव्हरने तिला खुर्ची ओढून दिली.

सरांनी अहवाल मंजूर केला. करार त्याच आठवड्यात झाला, तिने सही केली तेव्हा मी शेजारी उभी होते. नवव्या स्लाइडचा कुणीच उल्लेख केला नाही, आप्पांनी ती फाइल कधी काढून टाकली ते मला माहीत नाही.

थोड्या दिवसांनी मी तिच्या खोलीत काही कागद द्यायला गेले, तेव्हा ती फोनवर होती. वरचा कुठला तरी पाडा, कुणाच्या तरी आईला दम लागलेला. ती जीपचा अंदाज सांगत होती, दोन तास, कदाचित जास्तही. पलीकडून काहीतरी विचारलं असावं, थांबू का, असंच काहीतरी. तिने डोळे मिटले, त्या बैठकीत मिटले होते तसेच, आणि तिच्या त्या शांत आवाजात म्हणाली, “नाही दादा. माझ्या भरवशावर थांबू नका. त्यांना झोळीत टेकवून बसवा, आणि हळूहळू रस्त्याकडे निघा. आम्ही समोरून येतो.”